तुवालूचं भाषण, वेळ दीड मिनिट: हवामान निधीवर लेकीने काय बोलावं?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण घरगुती आहे. आमची बाय नववीत. शाळेत संयुक्त राष्ट्रांची अभिरूप महासभा भरते आहे आणि यंदा एक समिती मराठीतून ठेवलीय. चिठ्ठीत तिला पॅसिफिक महासागरातला तुवालू हा बेटदेश आला. विषय हवामान निधी. उद्घाटनाच्या भाषणाला दीड मिनिट, नंतर इतर देशांचे प्रश्न. तिचा पहिला खर्डा असा:

"माननीय अध्यक्ष आणि उपस्थित प्रतिनिधी, आमचा तुवालू हा चिमुकला देश बुडत आहे. आमची मुले भयभीत आहेत. पृथ्वी आपली आई आहे, तिला वाचवणे आपले कर्तव्य आहे. आमचा काहीही दोष नसताना आम्ही शिक्षा भोगत आहोत. श्रीमंत देशांनी कबूल केलेले 100 अब्ज डॉलर आजवर दिलेले नाहीत. ते त्यांनी नुकसानभरपाई म्हणून त्वरित द्यावेत. मी तुम्हाला हात जोडून विनंती करते."

मला ठीक वाटलं. तिच्या बाबांनी वाचून "निबंध झालाय" एवढंच म्हटलं आणि मासळी आणायला गेले. काय कमी आहे, सांगाल का?

दिवाडकर
ताई, भावना छान. एक सुचवतो. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी तुवालूचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे गुडघाभर समुद्रात उभे राहून बोलले होते, सूट घालून, पँट दुमडून. तो व्हिडिओ जगभर फिरला. बायनेही टबात पाणी घेऊन उभं राहावं. बक्षीस नक्की!

मांडवीकाठ
टब नको हो, शाळेची फरशी नवी असेल. :)

मी कॉलेजच्या दिवसांत अशा सभांत अध्यक्ष म्हणून बसलोय, आणि नंतर बरीच वर्षं किनारी प्रकल्पांच्या पैशांचं कागदकाम केलंय. त्या अनुभवावरून सांगतो. खर्ड्याची अडचण भावना नाही, मागणी ही आहे. बेटदेशांच्या वतीने बोलणारी दहातली आठ मुलं "आम्ही बुडतोय" म्हणून खाली बसतात. समोरचा विचारतो, "कोणत्या निधीतून? कर्ज की अनुदान? कुणाच्या हातून?" आणि मग पंचाईत होते. तुवालूकडे याचं उत्तर आहे आणि ते फार कमी देशांकडे आहे. घरात कुणाला वेळ असेल तर तिथली राजधानी फुनाफुती, तिच्या किनाऱ्यावर घातलेल्या भरावाबद्दल वाचा. रात्री सविस्तर लिहितो.

तोवर दोन दुरुस्त्या. "मी" काढून टाका. प्रतिनिधी देशाच्या वतीने बोलतो, "तुवालूचं शिष्टमंडळ" असं. आणि 100 अब्ज "आजवर दिलेले नाहीत" हे वाक्य पहिल्याच प्रश्नात कोसळेल.

अर्धवट_वकील
कसं कोसळेल? 2009 ला कोपनहेगनमध्ये कबूल केलं, 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज द्यायचे होते, नाही दिले. सरळ वचनभंग आहे.

मांडवीकाठ
2020 ला नाही दिले, इथवर तुमचं बरोबर. पण श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या हिशेबाने 2022 मध्ये आकडा 115.9 अब्जांवर गेला. बायने "दिलेच नाहीत" म्हटलं की जर्मनीचा पोरगा हा आकडा काढणार आणि भाषण तिथेच संपणार. त्याऐवजी असं म्हणावं की दोन वर्षं उशिरा दिले, आणि त्यातल्या सरकारी पैशातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्ज होता. हे खोडता येत नाही, कारण आकडे देणाऱ्यांच्याच कागदातले आहेत.

खाजनकार
आमच्या गावात दोन वर्षांमागे खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध फुटला. बांधातल्या पाण्याच्या दाराची, मानशीची, फळी सडली होती, भरतीचं पाणी आत शिरलं आणि भाताचं शेत खारं झालं. गावची जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादीकडे, सरकारी कचेरीकडे, सगळीकडे कागद दिले. भरपाई अजून यायची आहे. या हवामान निधीतून आम्हाला काही मिळेल का? अर्ज कुठे करायचा?

फोंडेकरीण
काका, हा बायच्या भाषणाचा धागा आहे हो. :(

मांडवीकाठ
असू द्या ताई, काकांचा प्रश्न वाटतो तितका बाजूचा नाही. काका, शेतकऱ्याने किंवा गावाने थेट अर्ज करायची सोय तिथे नाही. ग्रीन क्लायमेट फंड हा हवामानासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी स्वतः मान्यता दिलेल्या संस्थांमार्फतच पैसे देतो. भारतात नाबार्डला अशी मान्यता आहे. किनाऱ्यासाठी 2018 मध्ये भारताला त्या फंडातून सुमारे 4 कोटी 30 लाख डॉलर मंजूर झाले, पण आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशासाठी. आपल्या सीमेपलीकडचा सिंधुदुर्ग त्यात आहे, गोवा नाही. म्हणजे तुमचा बांध राज्य सरकारच्याच दारात.

पण एक सांगा, शेतात खारं पाणी आल्यावर आधी काय दिसलं?

खाजनकार
आधी रोपाची टोकं पिवळी. मग जळल्यासारखी. पाणी ओसरल्यावर मातीवर पांढरी साय धरते, मिठाची. पावसाने ती धुऊन काढायला दोन मोसम जातात. आमच्या कडेन निदान बांध तरी आहे, पाणी वरून येतं ते दिसतं.

मांडवीकाठ
हेच हवं होतं. काकांचं शेवटचं वाक्य बायला वाचून दाखवा.

तुवालूत पुलाका नावाचा कंद लावतात, आपल्या अळूच्याच कुळातला, पण माणसाएवढा वाढणारा. त्यासाठी जमिनीत मोठा खड्डा खणतात, खालचं गोडं पाणी लागेपर्यंत. कंकणाकृती बेटावर पावसाचं पाणी पोवळ्याच्या सच्छिद्र खडकात मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखं राहतं. समुद्र चढला की खारं पाणी त्या खडकातून खालून वर येतं. किनाऱ्यावर कितीही उंच भिंत बांधा, त्याला अडवता येत नाही. मोठ्या उधाणाच्या दिवसांत फुनाफुतीत घराच्या अंगणात, विमानतळाच्या कडेला जमिनीतून पाणी उमळतं. मानस तिथे चालतच नाही, कारण दार कुठे लावायचं हेच माहीत नसतं.

आता पैशाची गोष्ट. तुवालू म्हणजे नऊ बेटं, सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर, वस्ती 11 हजारांच्या आसपास. अख्ख्या देशापेक्षा आपला तिसवाडी तालुका कितीतरी मोठा. पैसे मागायलाही माणसं लागतात. फंडाची मान्यता मिळवायची तर लेखापरीक्षण, खरेदीचे नियम, पर्यावरणाची तपासणी, हे सगळं त्यांच्या मापाने सिद्ध करावं लागतं. तुवालूला ते स्वतः जमलं नाही, म्हणून यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेमार्फत प्रस्ताव गेला. 2016 मध्ये फंडाच्या मंडळाने 3 कोटी 60 लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं आणि तुवालू सरकारने स्वतःचे 29 लाख घातले. मग आराखडा, निविदा, मध्येच कोविडने सीमा बंद. खाडीतल्या तळाची वाळू उपसून फुनाफुतीच्या किनाऱ्याला साधारण 780 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद पट्टा भरला. ही 7.8 हेक्टर उंच जमीन 2023 च्या अखेरीस तयार झाली. मंजुरीपासून सात वर्षं.

बायच्या भाषणाचा कणा हाच ठेवा. "आम्ही बुडतोय" पेक्षा "आम्ही हे करून दाखवलं, आणि त्याला सात वर्षं लागली" हे ऐकणाऱ्याला अडचणीत टाकतं.

अर्धवट_वकील
म्हणजे हेक्टरी 46 लाख डॉलर! हा आकडा भाषणात टाकाच. लोक गार होतील.

मांडवीकाठ
टाकू नका. तो पैसा एकट्या भरावाचा नव्हता. त्यात नानुमेआ आणि नानुमांगा या दोन बाहेरच्या बेटांवरची किनारा संरक्षणाची कामंही होती, शिवाय माणसं तयार करण्याचा खर्च. भागाकार करून काढलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही. उलट समोरचा म्हणेल, "इतकं महाग असेल तर स्थलांतर स्वस्त पडेल." तुम्हीच त्याच्या हातात कोलीत दिलंत.

अर्धवट_वकील
बरं, तो राहू दे. पण "नुकसानभरपाई" शब्दावर मी ठाम आहे. ज्यांनी धूर सोडला त्यांनी भरावं. 2022 ला इजिप्तच्या परिषदेत त्यासाठीच तर निधी ठरला ना?

वेंगुर्ल्याची_सून
वकीलसाहेब, निधीचं नाव नीट वाचा. "लॉस अँड डॅमेज", हानी आणि नुकसान. भरपाई हा शब्द मुद्दाम नाही. मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते, म्हणून तोंड घालते आहे. 2015 ला पॅरिस करार झाला तेव्हा सोबतच्या निर्णयात 51 क्रमांकाचा परिच्छेद घातला गेला. त्यात म्हटलंय की हानी आणि नुकसानाचं कलम 8 हे दायित्वाला किंवा भरपाईला आधार ठरणार नाही. श्रीमंत देशांनी ही अट घातली तेव्हाच कलम 8 करारात आलं. बायने "कलम 8 नुसार भरपाई द्या" म्हटलं तर समोर तयारीचा विद्यार्थी असेल तो हाच परिच्छेद वाचून दाखवील.

पण गोष्ट इथे संपत नाही. तुवालूने पॅरिस करार मान्य करताना स्वतंत्र निवेदन दिलं, की यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याखालचे आमचे हक्क आम्ही सोडत नाही. आणि जुलै 2025 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वानुआतूच्या पुढाकाराने विचारलेल्या प्रश्नावर, सल्लागार मत दिलं की हवामानाबाबतची कर्तव्यं मोडली तर भरपाईपर्यंतचे परिणाम होऊ शकतात. म्हणजे शब्दाला जागा आहे, पण ती निधीच्या दारात नाही, कायद्याच्या दारात आहे.

मांडवीकाठ
सहमत, पण सल्ला वेगळा. दीड मिनिटात दोन दारं उघडू नये. निधीबद्दल बोलायचं तर "भरपाई" टाळा. ज्या क्षणी तो शब्द येतो, त्या क्षणी श्रीमंत देशांचे प्रतिनिधी पैशाबद्दल बोलणं थांबवतात आणि शब्दाबद्दल बोलू लागतात.

वेंगुर्ल्याची_सून
मला तसं वाटत नाही. खरे तुवालूचे प्रतिनिधी तो विषय सोडत नाहीत. 1991 पासून बेटदेश हेच मागत आले. तेव्हा वानुआतूने त्यांच्या गटातर्फे समुद्रपातळीसाठी विमा निधीचा प्रस्ताव मांडला होता, श्रीमंत देशांनी पैसे घालायचे असा. मुलीला सोयीचं बोलायला शिकवायचं की त्या देशासारखं?

दिवाडकर
आली का पंचाईत. दोघंही बरोबर वाटताहेत.

फोंडेकरीण
बायला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणते प्रश्न आला तर सांगेन, भाषणात नको. आता तिला असं हवंय की हानीच्या निधीत पैसे किती, ते सांगा.

मांडवीकाठ
2023 च्या दुबई परिषदेत तो सुरू झाला. पहिल्याच दिवशी यूएई आणि जर्मनीने प्रत्येकी 10 कोटी डॉलर कबूल केले, अमेरिकेने 1 कोटी 75 लाख. सगळं मिळून तेव्हा सुमारे 70 कोटी. बायला तीन शब्द वेगळे ठेवायला सांगा: कबूल केले, करार केला, जमा झाले. वर्तमानपत्रं तिन्हींना "दिले" लिहितात. 2025 मध्ये बार्बाडोसच्या बैठकीत पहिल्या टप्प्यासाठी 25 कोटी डॉलर ठेवले, त्यातला किमान निम्मा भाग लहान बेटदेश आणि अल्पविकसित देशांना. एका अर्जाला 50 लाख ते 2 कोटी.

याचा अंदाज यावा म्हणून 2015 चं पाम वादळ घ्या. ते वानुआतूवर आदळलं, तुवालूवर सरळ आलंच नाही, तरी त्याच्या लाटांनी नुईसारख्या बेटांवर घरं, पिकं, कबरी गेल्या. सरकारने तेव्हा जवळजवळ 45 टक्के लोक बेघर झाल्याचं सांगितलं होतं. अशा वेळी दोन वर्षांनी मंजूर होणारा प्रकल्प काय कामाचा? म्हणून मागणी रकमेची न करता वेगाची करा: वादळानंतर आठवड्यांत थेट देशाच्या तिजोरीत पैसे.

आणि मोठा आकडा एकच ठेवा. 2024 ला बाकूच्या हवामान परिषदेत 2035 पर्यंत दरवर्षी 300 अब्जांचं उद्दिष्ट ठरलं. बेटदेशांनी आपल्यासाठी वर्षाला किमान 39 अब्ज बाजूला ठेवा अशी मागणी केली होती, ती मानली गेली नाही. एका बैठकीतून ते उठून गेले होते. "किमान वाटा" ही तुवालूची खरी मागणी आहे.

दिवाडकर
मालदीवला चिठ्ठी आलेल्या पोरालाही हेच भाषण चालेल की मग.

मांडवीकाठ
नाही चालणार. मालदीव 2011 मध्येच अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर आला. दरडोई उत्पन्न चांगलं दिसतं म्हणून स्वस्त पैशाचं दार बंद होतं, हे त्याचं रडगाणं. बार्बाडोसचंही तेच. तुवालू अजून यादीत आहे. बाहेर पडायचे निकष तो पूर्ण करतो, पण धोका बघून निर्णय पुढे ढकलत आले आहेत. मासेमारीचे परवाने आणि इंटरनेटचं `.tv` हे नाव भाड्याने देऊन कागदावर उत्पन्न वाढतं, जमीन मात्र तेवढीच राहते. हा चिमटा प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा.

फोंडेकरीण
घ्या, बायचा नवा खर्डा. रात्री दहाला बसून लिहिला, मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

"अध्यक्ष महोदया, तुवालूमध्ये पुलाका नावाचा कंद लावायला जमिनीत खड्डा खणतात, गोडं पाणी लागेपर्यंत. आज त्या खड्ड्यांत खारं पाणी येतं. ते किनाऱ्यावरून येत नाही, खडकातून, खालून येतं. त्याला दार लावता येत नाही. म्हणून आम्हाला भिंतीबरोबर उंच जमीन हवी. फुनाफुतीमध्ये आम्ही ती उभी केली. 2016 मध्ये ग्रीन क्लायमेट फंडाने 3 कोटी 60 लाख डॉलर अनुदान मंजूर केलं, आमच्या सरकारने 29 लाख घातले, आणि 2023 अखेर 7.8 हेक्टर जमीन तयार झाली. सात वर्षं लागली. समुद्र सात वर्षं थांबला नाही. तुवालूचं शिष्टमंडळ तीन गोष्टी मागतं. समुद्राशी जुळवून घेण्याचा पैसा अनुदान म्हणून द्या. घराभोवती बांध घालायला आम्ही कर्ज काढावं, आणि ते फेडायला पुन्हा मासेच विकावेत, हे बरोबर नाही. दुसरं, 300 अब्जांत लहान बेटांचा किमान वाटा ठरवा. तिसरं, वादळानंतर हानी निधीचे पैसे काही आठवड्यांत थेट आमच्या तिजोरीत यावेत. उरलेला वेळ आम्ही अध्यक्षांना परत देतो."

खाजनकार
"त्याला दार लावता येत नाही." हे माझं मानशीचं ना? बरें केलंय बायने.

मांडवीकाठ
उत्तम. दोन शंका. एक, पुलाकाचा खड्डा आणि भराव एका दमात आलेत. ऐकणाऱ्याला वाटेल भरावाने पुलाका वाचली. तसं नाही. भरावाने घरांना, दवाखान्याला उंच जागा मिळते, खालचं खारं पाणी तसंच राहतं. "उंच जमीन हवी" च्या पुढे "राहायला" हा शब्द घाला, काम होईल.

दुसरी जास्त नाजूक. फुनाफुतीतली बरीच पुलाका जमीन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने धावपट्टी बांधताना गेली. कुणी अभ्यासू निघाला तर म्हणेल, तुमची शेती हवामानाने नाही, विमानतळाने गेली. म्हणून "तुवालूमध्ये" ऐवजी "बाहेरच्या बेटांवर" असं लिहा. ते खरंही आहे.

वेंगुर्ल्याची_सून
"अनुदान म्हणून द्या" च्या मागे पॅरिस कराराचं कलम 9, उपकलम 4 आहे. त्यात लहान बेटदेशांचं नाव घेऊन, जुळवून घेण्यासाठी सरकारी आणि अनुदानरूपी पैशाची गरज लक्षात घ्यावी असं म्हटलंय. "लक्षात घ्यावी", "द्यावेच" नव्हे. कलम सांगताना ते ताणू नये.

अर्धवट_वकील
मी घड्याळ लावून मोठ्याने वाचलं. एक मिनिट 22 सेकंद, पण मी वकिलासारखा भरभर वाचतो. मुलगी थांबत थांबत वाचेल तर सहज दीडच्या वर जाईल. "समुद्र सात वर्षं थांबला नाही" ठेवा, माशांचं वाक्य काढा.

दिवाडकर
माशांचं वाक्य काढलंत तर गोव्यात कोण टाळ्या वाजवणार?

फोंडेकरीण
सभा आज झाली. थोडक्यात सांगते.

भाषण एक मिनिट 34 सेकंद झालं, अध्यक्ष बाईंनी हातोडी आपटली तेव्हा ती "तिजोरीत" वर होती. माशांचं वाक्य तिने ठेवलंच. मग जपानचा मुलगा उठला आणि त्याने इथल्या कुणाच्याच डोक्यात न आलेला प्रश्न विचारला. ऑस्ट्रेलियाबरोबर तुमचा फालेपिली करार झाला आहे, दरवर्षी 280 लोकांना तिथे जाऊन राहता येतं, पहिल्याच सोडतीत तुमच्या देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नावं दिली. मग जमीन उंच करायला पैसे कशाला?

बाय क्षणभर गप्प. मग म्हणाली, "280 म्हणजे आमच्या 11 हजारांना चाळीस वर्षं. तोवर बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं?" खाली बसल्यावर तिचे हात थरथरत होते, असं मैत्रिणीने सांगितलं.

बक्षीस जर्मनीला गेलं.

वेंगुर्ल्याची_सून
उत्तर फार छान! त्याच करारात असंही आहे की समुद्र चढला तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम राहील. पुढच्या वेळी तेही सांगायला हवं. आणि मांडवीकाठ, भरपाईचा आपला वाद मी सोडलेला नाही.

मांडवीकाठ
माहीत आहे. नवीन धागा काढा, येतो.

खाजनकार
माझ्या बांधाचं कुणी काही बोललं नाही पण.